पुढे Code 43, मागे Code 10: एका ब्लूटूथ डाँगलचं प्रकरण

सांगलीतल्या एका कर सल्लागाराच्या कार्यालयातला हा असेंबल केलेला डेस्कटॉप. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, एच-81 चिपसेटचा मदरबोर्ड, विंडोज 10. बोर्डावर ब्लूटूथ नाही. हिशेब पाहणाऱ्या मॅडमना ऑनलाइन बैठकांसाठी वायरलेस हेडसेट जोडायचा होता, म्हणून त्यांनी बाजारातून नखाएवढा डाँगल आणला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 5.0 छापलेलं होतं.

माझ्याकडे फोन आला तेव्हा प्रकरण चांगलंच शिजलेलं होतं. डाँगल कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमध्ये लावला की जोडल्याचा आवाज यायचा आणि लगेच "USB device not recognized" अशी पाटी दिसायची. मॅडमच्या भाच्याने इंटरनेटवरून 'सीएसआर हार्मनी' नावाचं सॉफ्टवेअर उतरवून बसवलं, तरी फरक पडला नाही. मग त्याने डाँगल मागच्या पोर्टमध्ये लावला. तिथे तो ओळखला गेला, पण त्याच्यावर पिवळा त्रिकोण आला आणि ब्लूटूथ सुरू झालंच नाही. शेवटी दुकानदाराने नग बदलून दिला. दुसरा नगही पुढे तसाच वागला आणि मागेही तसाच.

"दादा, दुकानदार म्हणतो तुमच्या मशीनलाच ब्लूटूथ चालत नाही," मॅडम म्हणाल्या. दुकानदाराचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. दोन वेगळे नग एकाच मशीनवर सारखेच वागत असतील, तर दोष मशीनच्या बाजूला शोधावा हे बरोबरच आहे. पण पुढच्या पोर्टवरची तक्रार आणि मागच्या पोर्टवरची तक्रार या दोन निराळ्या होत्या. त्यातली दुसरी तर पहिलीवर उपाय करताना जन्माला आली होती.

पुढचा पोर्ट: कुणीतरी आलंय, पण बोलत नाही

डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या नोंदीवर राइट क्लिक करून गुणधर्म उघडायचे, 'Details' या टॅबमध्ये जायचं आणि यादीतून 'Hardware Ids' निवडायचं. अशा प्रकरणात मी सगळ्यात आधी हेच पाहतो. पुढच्या पोर्टवर तिथे हे दिसलं:

```
USB\VID_0000&PID_0002
```

वर नाव होतं "Unknown USB Device (Device Descriptor Request Failed)" आणि स्थितीत Code 43. प्रत्येक यूएसबी उपकरणाला निर्मात्याचा क्रमांक आणि उत्पादनाचा क्रमांक असतो. निर्मात्याच्या जागी चार शून्यं दिसली, तर तो क्रमांक उपकरणाकडून आलेलाच नाही. उपकरण काही बोललं नाही म्हणून विंडोजने स्वतःच भरलेली ती जागा आहे.

मग जोडल्याचा आवाज का येतो? हा डाँगल यूएसबीच्या 12 मेगाबिटच्या वेगावर चालतो. तसं उपकरण लावलं की ते डेटाच्या दोन तारांपैकी एक तार दीड किलोओहमच्या रेझिस्टरमधून सुमारे 3.3 व्होल्टपर्यंत वर ओढतं. तेवढ्यावरूनच संगणकाला कळतं की काहीतरी जोडलं गेलंय. मग संगणक त्या पोर्टला रीसेट देतो आणि उपकरणाकडे त्याची ओळख मागतो. ही ओळख, म्हणजे डिव्हाइस डिस्क्रिप्टर, अवघ्या 18 बाइटची असते आणि वरचे दोन्ही क्रमांक तिच्यातच असतात. इथे तार वर ओढली जात होती, पण ओळख मागितली की उत्तर येत नव्हतं. संगणक पुन्हा विचारून पाहतो आणि शेवटी नाद सोडतो.

इथे ड्रायव्हरचा प्रश्नच उद्भवत नाही. कुठला ड्रायव्हर लावायचा हे विंडोज त्या क्रमांकांवरूनच ठरवतं. क्रमांकच हाती आले नाहीत, तर जगातला कुठलाही ड्रायव्हर बसवून उपयोग नाही. भाच्याने केलेली खटपट इथेच वाया गेली होती. नुसती वाया गेली असती तरी चाललं असतं.

आता उत्तर का येत नव्हतं? दोन्ही नग एकाच वेळी मेलेले असण्याची शक्यता कमी होती आणि मागच्या पोर्टवर दोघेही क्रमांक देत होते. म्हणजे संशय पुढच्या पोर्टवर. कॅबिनेट उघडल्यावर चित्र स्पष्ट झालं. पुढच्या पट्टीवर जुना कार्ड रीडर होता आणि पुढचे यूएसबी पोर्ट त्याच्याच आतल्या छोट्या हबमधून निघत होते. त्या हबला स्वतःचा वेगळा वीजपुरवठा नव्हता. मदरबोर्डवरच्या नऊ पिनांच्या जोडणीतून एकच बारीक केबल येत होती आणि तिच्यावर वेबकॅम, मॅडमचा चार्जिंगला लावलेला फोन आणि हा डाँगल असे तिघे बसले होते.

यूएसबी 2.0 च्या नियमानुसार मदरबोर्डचा पोर्ट 500 मिलिअँपिअरपर्यंत देतो. स्वतःचा वीजपुरवठा नसलेल्या हबला ही वीज खालच्या पोर्टांत वाटावी लागते, त्यामुळे नियमाने प्रत्येक खालच्या पोर्टच्या वाट्याला फक्त 100 येतात. व्होल्टेजचंही तसंच आहे. मदरबोर्डच्या पोर्टवर किमान 4.75 व्होल्ट असायला हवेत, तर अशा हबच्या खालच्या पोर्टवर 4.40 पर्यंत घसरलेलं चालतं. त्याच्याही खाली गेलं की उपकरणाने चालावं अशी अपेक्षा धरता येत नाही.

पोर्ट आणि उपकरण यांच्यामध्ये लावायचा छोटा यूएसबी मीटर माझ्याकडे असतो. मागच्या पोर्टवर तो 5.06 व्होल्ट दाखवत होता. पुढे एकटा डाँगल लावला तर 4.87, वेबकॅम जोडला की 4.71, आणि फोनची केबल लावली की 4.38 आणि शेवटचा आकडा सारखा हलत होता. फोन काढून डाँगल पुन्हा लावला, तर क्रमांक आले. फोन परत लावला, डाँगल काढून घातला, पुन्हा चार शून्यं. हा खेळ दोन-तीनदा करून पाहिला, प्रत्येक वेळी तेच.

इथे एक खुलासा हवा. मीटरवरचा आकडा ही सरासरी असते. डाँगल लावताना त्याच्यातले कपॅसिटर भरतात तेव्हा किंवा फोन अचानक जास्त प्रवाह ओढतो तेव्हा जी क्षणभराची घसरण होते, ती या मीटरवर दिसत नाही. त्या घसरणीत डाँगलची चिप किंवा हबची चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि नेमकं तेव्हाच संगणक ओळख विचारत असतो. त्यामुळे मीटरवर 4.6 दिसलं म्हणून पोर्ट निर्दोष ठरत नाही. माझा भरवसा आकड्यापेक्षा त्या तुलनेवर जास्त असतो: भार काढल्यावर उपकरण बोलतं का आणि लावल्यावर गप्प होतं का? मीटर नसलेल्या माणसालाही हे करता येतं. पोर्ट आणि हबवरचं बाकी सगळं काढा, डाँगल एकटा लावा आणि 'Hardware Ids' पुन्हा वाचा.

आणखी एक गोष्ट जुन्या बोर्डांवर आढळते. मदरबोर्डवर बहुधा दोन पोर्टांच्या जोडीला मिळून एक आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज असतो. कधीकाळी शॉर्ट होऊन तो तापलेला असला, तर नंतर त्याचा रोध थोडा वाढलेलाच राहतो. मग भार नसताना व्होल्टेज ठीक दिसतं आणि भार आला की पडतं. इथे फ्यूज ठीक होता. कार्ड रीडर सोडवून दुसरी पुढची केबल थेट बोर्डाला जोडली तेव्हा फोन लावूनही 4.9 च्या आसपास मिळत होते, म्हणजे घट रीडरमध्ये आणि त्याच्या केबलमध्येच होती.

मागचा पोर्ट: बोलतोय, पण भलत्याच्या ताब्यात

मागे लावल्यावर 'Hardware Ids' मध्ये हे आलं:

```
USB\VID_0A12&PID_0001&REV_8891
```

0A12 हा केंब्रिजच्या सीएसआर कंपनीचा क्रमांक, आणि ही खूण त्यांच्या सीएसआर 8510 या फार गाजलेल्या चिपची. बाजारातल्या स्वस्त डाँगलांपैकी कितीतरी हीच खूण सांगतात. त्यातले सगळे अस्सल असतात असं नाही, ते पुढे येईलच. आत्तापुरतं महत्त्वाचं एवढंच की वीज आणि तारा यांचा भाग इथे संपला होता. उपकरणाने आपलं नाव सांगितलं होतं. तरीही Code 10, "This device cannot start."

आता 'Driver' टॅब. पुरवठादार म्हणून तिथे Cambridge Silicon Radio Ltd. लिहिलेलं होतं. म्हणजे भाच्याने बसवलेली हार्मनी. हे सॉफ्टवेअर विंडोज 7 आणि 8 च्या काळातलं. ते विंडोजची स्वतःची ब्लूटूथ यंत्रणा बाजूला सारून आपली वेगळी यंत्रणा चालवतं. 2015 मध्ये सीएसआर कंपनी क्वालकॉमने विकत घेतली. विंडोज 10 ला अशा चिपसाठी त्याची काहीच गरज नाही, कारण चालणारा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो.

भाचा शपथेवर सांगत होता, "काका, मी ते अनइन्स्टॉल केलंय." आणि ते खरं होतं. कार्यक्रमांच्या यादीत हार्मनी नव्हतं. पण कार्यक्रम काढल्याने ड्रायव्हरची पोतडी निघतेच असं नाही. ती विंडोजच्या ड्रायव्हर साठ्यात oem-काहीतरी.inf या नावाने पडून राहते आणि जुळणाऱ्या क्रमांकाचं उपकरण आलं की पुढे होते. पुढच्या पोर्टमध्ये डाँगल गप्प होता तोवर तिला कामच नव्हतं. मागे लावल्यावर 0A12 हे नाव ऐकू आलं आणि तिने डाँगल पकडला.

विंडोजने स्वतःचा ड्रायव्हर का नाही निवडला? दोन ड्रायव्हर सारखेच जुळत असतील तर विंडोज तारीख पाहतं. आणि विंडोजबरोबर येणाऱ्या बहुतेक ड्रायव्हरांवर मायक्रोसॉफ्ट मुद्दाम 21 जून 2006 ही जुनी तारीख घालते, म्हणजे निर्मात्याने दिलेला ड्रायव्हर असेल तर तो वरचढ ठरावा. एरवी ही सोय चांगली आहे. इथे तिच्यामुळे मोडका पाहुणा घरच्या माणसाच्या वर बसला. म्हणूनच नुसतं 'Uninstall device' करून काही साधत नाही. डाँगल पुन्हा लावला की साठ्यातून तोच परत येतो. त्या खिडकीत ड्रायव्हरही पुसण्याचा चौकोन असतो, पण एकाच सॉफ्टवेअरच्या अनेक पोतड्या असतील तर त्याने सगळ्या जात नाहीत.

मी आधी रिस्टोर पॉइंट घेतला, डाँगल काढला आणि प्रशासकाच्या हक्काने कमांड प्रॉम्प्ट उघडून साठ्याची यादी काढली:

```
pnputil /enum-drivers
```

यादी लांबलचक येते. तिच्यात पुरवठादाराच्या जागी केंब्रिजचं नाव असलेल्या नोंदी शोधायच्या आणि प्रत्येकीचा oem क्रमांक कागदावर लिहून घ्यायचा. मग एकेक काढायची:

```
pnputil /delete-driver oem17.inf /uninstall /force
```

इथला 17 हा त्या मशीनपुरता होता. दुसऱ्या मशीनवर त्याच क्रमांकाला नेटवर्क कार्डाचा किंवा प्रिंटरचा ड्रायव्हर असू शकतो आणि `/force` लावल्यावर विंडोज फारसं विचारत बसत नाही. त्यामुळे इंटरनेटवर कुणी दिलेली ही ओळ क्रमांकासकट जशीच्या तशी चिकटवू नये.

यानंतर डिव्हाइस मॅनेजरच्या 'View' मध्ये 'Show hidden devices' सुरू केलं. फिकट दिसणाऱ्या ब्लूटूथच्या आणि अनोळखी उपकरणांच्या बऱ्याच नोंदी तिथे होत्या. अशा डाँगलला बहुधा अनुक्रमांक नसतो. त्यामुळे प्रत्येक नव्या पोर्टमध्ये लावला की विंडोज त्याला नवं उपकरण समजून वेगळी नोंद करतं. "काल त्या पोर्टवर चाललं, आज या पोर्टवर नाही" या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे असतं. त्या फिकट नोंदी काढून टाकल्या.

मग मशीन पूर्ण बंद केलं. विंडोज 10 मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर साध्या शट डाउनने ड्रायव्हरांची अवस्था डिस्कवर साठवून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उठते. शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन केलं की ते टळतं. शिवाय संगणक बंद असतानाही बऱ्याच बोर्डांवर यूएसबीला 5 व्होल्ट मिळत राहतात, म्हणून भिंतीवरचं बटणही बंद करून थोडा वेळ थांबलो. पुन्हा सुरू करून डाँगल मागे लावला. इंटरनेट, सीडी काहीच न लागता डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'Generic Bluetooth Radio' आलं, त्याच्याखाली 'Microsoft Bluetooth Enumerator' आणि 'Microsoft Bluetooth LE Enumerator'. तिन्ही नोंदी दिसल्या आणि त्रिकोण नसला की विंडोजची बाजू पूर्ण झाली. हेडसेट जोडला गेला.

लॅपटॉपवरची फसवी चाचणी

दुकानदाराने डाँगल आपल्या लॅपटॉपवर लावून पाहिला होता आणि तिथेही तो सुरू झाला नव्हता, म्हणून त्याने नग बदलला. या चाचणीत एक खोच आहे. विंडोजची ब्लूटूथ यंत्रणा एका वेळी एकच ब्लूटूथ रेडिओ चालवते. लॅपटॉपमध्ये अंगचं ब्लूटूथ चालू असेल, तर बाहेरून लावलेला डाँगल धडधाकट असूनही सुरू होत नाही. आधी डिव्हाइस मॅनेजरमधून अंगचं ब्लूटूथ 'Disable device' करावं, मगच डाँगल लावावा. ते करायचं नसेल, तर निदान 'Hardware Ids' तेवढे पाहावेत. खरे क्रमांक आले म्हणजे डाँगल बोलतोय, इतकं तरी त्यातून सिद्ध होतं. ज्या डेस्कटॉपच्या वायफाय कार्डावरच ब्लूटूथ असतं, पण अँटेना न लावल्यामुळे रेंज येत नाही आणि म्हणून लोक डाँगल घेतात, तिथेही हीच अडचण येते.

मागाहून निघालेल्या दोन गोष्टी

दुसऱ्या दिवशी तक्रार आली की जेवणाच्या सुट्टीनंतर हेडसेट जोडला जात नाही, डाँगल काढून लावला की जोडला जातो. वीज वाचवण्यासाठी विंडोज रिकाम्या बसलेल्या यूएसबी उपकरणाला झोपवतं, आणि स्वस्त चिपा त्या झोपेतून नीट उठत नाहीत. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये 'USB selective suspend setting' बंद केलं आणि रेडिओच्या गुणधर्मांत 'Power Management' टॅबवरची 'Allow the computer to turn off this device to save power' ही खूण काढली. तेवढ्यावर ते थांबलं.

दुसरी गोष्ट आवाज तुटण्याची. मागच्या पोर्टमध्ये लावलेला डाँगल पत्र्याच्या कॅबिनेटमागे, भिंतीला चिकटून असतो, आणि शेजारी निळ्या पोर्टमध्ये बॅकअपची हार्ड डिस्क होती. यूएसबी 3.0 च्या डेटामुळे ब्लूटूथच्याच 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो. इंटेलने 2012 मध्ये यावर सविस्तर टिपण काढलेलं आहे. याचा डाँगल ओळखला जाण्याशी संबंध नाही, रेंज आणि आवाजाशी आहे. मीटरभर लांबीची चांगल्या जाडीच्या तारांची यूएसबी 2.0 ची एक्स्टेन्शन केबल काळ्या पोर्टातून काढून डाँगल टेबलावर आणला. अशी केबल घेताना बारीक तारांची घेतली, तर पुढच्या पोर्टची वीज-समस्या मागे नव्याने उभी राहते, म्हणून मीटर लावून पाहिलं. 4.98 होते.

राहता राहिला खोक्यावरचा 5.0 हा आकडा. रेडिओच्या गुणधर्मांत 'Advanced' टॅबवर फर्मवेअरची नोंद असते. तिथे होतं:

```
HCI 6.8891 / LMP 6.8891
```

LMP च्या पुढचा 6 म्हणजे ब्लूटूथ 4.0. खरोखर 5.0 असतं तर तिथे 9 दिसला असता आणि 5.3 असतं तर 12. मॅडमच्या हेडसेटला बोलण्या-ऐकण्यासाठी 4.0 पुरत होतं, म्हणून त्यांनी डाँगल ठेवून घेतला. पण सीएसआर 8510 ची खूण सांगणाऱ्या नकली चिपाही पुष्कळ आहेत. त्यांच्यातल्या काही विंडोजने पाठवलेल्या आज्ञांना धड उत्तर देत नाहीत. तेव्हा साठा स्वच्छ असूनही, खरे क्रमांक येऊनही रेडिओ सुरू होत नाही आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये BTHUSB या नावाने 17 क्रमांकाची नोंद पडते. दुसरा रेडिओ नसलेल्या स्वच्छ मशीनवरही तेच झालं, तर पोर्ट किंवा ड्रायव्हरमागे लागण्यात अर्थ नाही, नग परत करावा. आणि प्रत्येक मशीनच्या मागच्या पोर्टवर, बाकी काही न लावता, चार शून्यंच येत असतील तर तो मेलेला आहे.

कार्ड रीडर मी सोडवूनच ठेवला. पुढचे पोर्ट आता थेट बोर्डाला जोडलेले आहेत, आणि फोनसाठी मॅडमनी भिंतीवरचा चार्जर आणला आहे.